‘नजरचूक’ हा शब्द मी खोडला

मंगळवारी, १० जूनला संध्याकाळी साडेसहाला काकांचा फोटो आला. मोबाइलच्या पडद्याचाच, दुसऱ्या मोबाइलने काढलेला, जरासा तिरका. इंग्रजी ईमेल होता आणि विषयाची सुरुवात `Action Required` अशी होती. खाली काकांनी दोनच शब्द लिहिले होते : ‘हे काय?’

मी तो मेल त्याआधी पाहिला नव्हता. गुगल प्ले स्टोअरवरचं डेव्हलपर खातं काकांच्या संस्थेच्या नावावर आहे. ते तसंच असायला हवं, कारण अ‍ॅप त्यांचं आहे आणि उद्या आम्ही नसलो तरी ते त्यांच्याकडे राहिलं पाहिजे. पण त्याचा एक परिणाम असा की स्टोअरचं पत्र खातेदाराला थेट जातं. म्हणजे आमचं अ‍ॅप नाकारलं गेल्याची बातमी आमच्या आधी आमच्या ग्राहकाला कळली, तीही अशा भाषेत जी वाचून माणसाला वाटावं की आपल्यावर काही खटला भरलाय.

काकांच्या नाशकात १४ शाळा-बस आहेत. प्रत्येक बसमध्ये जीपीएसचं यंत्र बसवलेलं आहे, ते दर काही सेकंदांनी बस कुठे आहे ते सर्व्हरला कळवतं. आम्ही तिघांनी मिळून पालकांसाठी अ‍ॅप केलं होतं : आपल्या मुलाची बस नकाशावर दिसते, ती आपल्यापासून किती दूर आहे ते कळतं, आणि थांब्याजवळ आली की सूचना येते. १६ जूनला शाळा उघडणार होत्या. अ‍ॅप १२ तारखेला द्यायचं कबूल केलं होतं, आणि काकांनी त्या भरवशावर ६०० पत्रकं छापून घेतली होती. पत्रकावर क्यूआर कोड होता आणि तो थेट स्टोअरच्या पानावर जात होता. अ‍ॅप प्रकाशित होत नाही तोवर ते पानच नसतं. कोड स्कॅन केला की मागितलेला पत्ता सापडला नाही, एवढंच इंग्रजीत दिसतं.

काकांना मी लगेच फोन केला नाही, हे आधी सांगते. ‘पाहते आणि तासाभरात सविस्तर लिहिते’ एवढं कळवलं आणि संगणकापुढे बसले. आपल्यालाच काय झालंय ते माहीत नसताना केलेला फोन समोरच्याला धीर देत नाही, त्याच्या काळजीत आपली काळजी मिसळतो.

पत्रातला मजकूर असा होता : आवृत्ती क्रमांक ११. अ‍ॅप ‘बॅकग्राउंड लोकेशन’ची परवानगी मागतं, पण अ‍ॅपच्या मुख्य कामासाठी ती लागते असं दिसत नाही.

अँड्रॉइडमध्ये स्थान पाहण्याच्या परवानग्या वेगवेगळ्या आहेत. अ‍ॅप उघडं असताना तुम्ही कुठे आहात ते पाहणं ही एक. अ‍ॅप बंद असताना, फोन खिशात असतानाही पाहत राहणं ही दुसरी. अँड्रॉइड १० पासून ही दुसरी परवानगी वेगळी काढली आहे, आणि गुगल प्लेवर ती मागायची तर कारण लिहून द्यावं लागतं, ते काम कसं चालतं त्याचा छोटा व्हिडिओ द्यावा लागतो, आणि अ‍ॅपमध्ये परवानगी मागण्याच्या आधी वापरणाऱ्याला स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं की अ‍ॅप बंद असतानाही आम्ही तुमचं स्थान घेतो. आमच्या अ‍ॅपला दुसरी परवानगी लागतच नव्हती. बस हलते, पालक नाही. पालकाचं स्थान फक्त नकाशा उघडा असताना अंतर मोजायला हवं होतं.

मग ती परवानगी आली कुठून? अ‍ॅपला लागणाऱ्या परवानग्या ज्या फाइलमध्ये नोंदतात, त्या आम्ही लिहिलेल्या मॅनिफेस्टमध्ये ती नव्हती. सूचना पाठवण्यासाठी आम्ही बाहेरची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, घेतली होती. तिच्यात ‘माणूस अमुक जागी पोचला की सूचना द्या’ अशी एक सोय होती, आम्ही कधीही न वापरलेली. अ‍ॅप बांधताना प्रत्येक लायब्ररीचं मॅनिफेस्ट मुख्य मॅनिफेस्टमध्ये मिसळतं, आणि तिच्या परवानग्या आपल्या नावावर चढतात. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट उघडून खालच्या `Merged Manifest` या टॅबवर गेलं की मिसळून तयार झालेलं रूप दिसतं, आणि कुठली ओळ कुठून आली तेही. बांधणीनंतर `manifest-merger-release-report.txt` नावाची फाइलही तयार होते. तिच्यात परवानगीचं नाव शोधलं की लायब्ररीचं नाव मिळतं. मला ते शोधायला चार मिनिटं लागली.

चाचणीत हे का दिसलं नाही, हा प्रश्न काका विचारणार नव्हते, पण मला त्याचं उत्तर हवं होतं. परवानगी मॅनिफेस्टमध्ये नोंदवणं आणि ती पडद्यावर प्रत्यक्ष मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमचा कोड ती कधी मागतच नव्हता. म्हणून आम्ही ज्या वीसेक पालकांना अ‍ॅप वापरायला दिलं होतं, त्यांतल्या एकालाही वेगळं काही दिसलं नाही. दिसणारच नव्हतं. अ‍ॅप हातात घेऊन कितीही तपासलं तरी ही चूक सापडत नाही. तिच्यासाठी मिसळलेलं मॅनिफेस्टच वाचावं लागतं.

दुरुस्ती तीन ओळींची. आपल्या मॅनिफेस्टमध्ये लिहायचं की ही परवानगी कुणीही आणली तरी काढून टाका :

```xml
<uses-permission
    android:name="android.permission.ACCESS_BACKGROUND_LOCATION"
    tools:node="remove" />
```

वरती `manifest` या टॅगमध्ये `xmlns:tools` जाहीर केलेलं असलं म्हणजे झालं. त्यानंतर पुन्हा बांधणी, अहवालात ती परवानगी आता नाही याची खात्री, आणि बस जवळ आल्याची साधी सूचना अजूनही येते ना, याची तपासणी. सात वाजून वीस मिनिटांनी कोडचं काम कुठवर जाणार ते मला कळलं होतं. मग मी काकांचा निरोप लिहायला घेतला, आणि त्याला कोडपेक्षा जास्त वेळ लागला.

पहिला मसुदा असा होता :

‘नमस्कार काका, काही तांत्रिक कारणास्तव अ‍ॅप प्रकाशित होण्यास विलंब होत आहे. होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. लवकरात लवकर अ‍ॅप उपलब्ध करून दिले जाईल.’

वाचायला सभ्य. पण ही बसस्थानकावरच्या ध्वनिक्षेपकाची भाषा आहे. ती ऐकणारा माणूस मनात एकच गोष्ट पक्की करतो : यांना काही सांगायचं नाहीये. आणि त्यात काकांच्या ‘हे काय?’ला उत्तरच नव्हतं. उशीर किती, हे त्यांनी अजून विचारलंही नव्हतं. त्यांना आधी हे हवं होतं की माझ्या नावावर काही आलंय का.

दुसऱ्या मसुद्यात मी ते लिहिलं. प्लेच्या नियमांत तीन गोष्टी वेगळ्या आहेत. पाठवलेली आवृत्ती नाकारणं, म्हणजे ती प्रकाशित होत नाही. याने खात्याची पत बिघडत नाही. प्रकाशित अ‍ॅप स्टोअरवरून काढणं ही दुसरी. आणि निलंबन, ज्याने खात्याची पत खरोखर बिघडते, ही तिसरी. आमची पहिली होती. हे काकांना या तीन नावांनी सांगायची गरज नव्हती. ‘परत आलंय, बंद केलेलं नाही’ एवढं पुरे होतं. पण ते निरोपात सगळ्यात वर हवं होतं.

त्यानंतरचं वाक्य अवघड गेलं. मी लिहिलं, ‘एका लायब्ररीतून नको असलेली परवानगी अ‍ॅपमध्ये आली.’ मराठी या ठिकाणी फार सोय करून देते. आली. झालं. राहिलं. उशीर झाला, परवानगी आली, तपासायचं राहिलं. कर्ता कुठेच नाही, आणि वाक्य मात्र निर्दोष. इथे खोटं बोलावं लागत नाही, क्रियापदच आपल्यासाठी माणूस लपवतं. त्याच्याही पुढची सोय म्हणजे ‘गुगलने अडवलं’. काकांनी ते लगेच मानलं असतं. मोठ्या कंपनीने छोट्या माणसाला अडवलं, ही गोष्ट कुणालाही पटते. पण नियम योग्य होता. शाळा-बसचं अ‍ॅप बंद असताना आई-वडील कुठे फिरतात हे त्याला कळण्याचं काहीएक कारण नाही, आणि माझ्या मुलीच्या शाळेच्या अ‍ॅपने तसं केलं असतं तर मला संताप आला असता.

म्हणून मी लिहिलं, ‘ही परवानगी काढून टाकायची आमच्याकडून नजरचुकीने राहिली.’ हे बरं वाटलं. चूक कबूल, शब्द मऊ. पाठवणारच होते, तेवढ्यात माझा सहकारी म्हणाला, “पण तो फॉर्म भरला होता आपण.”

कुठला फॉर्म, ते मला लगेच आठवलं. ही परवानगी असलेली आवृत्ती कन्सोलमध्ये, म्हणजे स्टोअरकडे अ‍ॅप पाठवायच्या पानावर, चढवली की कन्सोल विचारतो : तुम्ही ही परवानगी का घेता, सांगा. ते भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ६ तारखेला, शुक्रवारी रात्री, तो प्रश्न आमच्यापुढे आला होता. आम्ही तो वाचला. आम्हाला वाटलं, स्थान तर वापरतोच आपण, आणि लिहून टाकलं की पालकाला जवळची बस दाखवण्यासाठी. नकाशाचा व्हिडिओ जोडला आणि पुढे गेलो. म्हणजे यंत्राने आम्हाला हटकलं होतं. थांबून ‘आपण ही मागतोय का?’ असं विचारलं असतं तर शुक्रवारीच चार मिनिटांत कळलं असतं. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला नजरचूक म्हणत नाहीत. मी तो शब्द खोडला.

काकांना गेलेला निरोप हा :

‘नमस्कार काका. तुम्ही पाठवलेलं पत्र वाचलं. तुमचं खातं व्यवस्थित आहे, त्यावर कसलाही ठपका नाही. अ‍ॅप बंद केलेलं नाही. तपासणीतून दुरुस्तीसाठी परत आलं आहे.

कारण असं : अ‍ॅप बंद असतानाही पालकांचं स्थान पाहण्याची परवानगी आपल्या अ‍ॅपमध्ये नोंदलेली होती. आपल्याला ती लागत नाही, आणि अ‍ॅपने तिचा वापर केलेला नाही. आम्ही घेतलेल्या एका तयार भागासोबत ती आत आली. अ‍ॅप पाठवताना स्टोअरने याबद्दल विचारलं होतं, तेव्हाच आम्ही ती शोधून काढायला हवी होती. आम्ही काढली नाही. ही चूक आमची आहे, स्टोअरची किंवा तुमची नाही.

परवानगी काढली आहे. उद्या दुपारपर्यंत सगळं तपासून अ‍ॅप पुन्हा पाठवतो. पुढची तपासणी स्टोअरच्या हातात आहे. ते सात दिवसांपर्यंत, क्वचित जास्तही घेतात. म्हणून १२ तारीख नक्की चुकते आहे, आणि १६ च्या आधी अ‍ॅप येईल असं मी सांगू शकत नाही. १८ च्या सुमारास धरून चालावं. पुन्हा काही शंका निघाली तर त्याहून पुढे जाईल, आणि ते मी त्याच दिवशी कळवीन.

१६ पासून पालकांना बस दिसावी म्हणून मोबाइलच्या ब्राउझरमध्ये उघडणारं साधं पान रविवारपर्यंत तयार करतो. पावती क्रमांक आणि नोंदवलेल्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे टाकले की फक्त त्यांच्याच मार्गाची बस दिसेल. सूचना मात्र त्यात येणार नाहीत. याचे वेगळे पैसे नाहीत.

तुम्ही कन्सोलमध्ये काही करू नका, विशेषतः अपिलाचं बटण दाबू नका. पालकांना पाठवायचा मजकूर वेगळा देते आहे. तुम्हाला दिलेली तारीख आम्ही पाळली नाही, याबद्दल मनापासून माफी मागते.’

अपिलाबद्दलचं वाक्य काहींना अनाठायी वाटेल. पण मेलमध्ये अपिलाची वाट दाखवलेली असते, आणि काळजीत असलेला माणूस तिकडे जातो. अपील तेव्हा करावं जेव्हा निर्णय चुकीचा आहे आणि तो का चुकीचा ते आपण दाखवू शकतो. निर्णय बरोबर असताना केलेलं अपील म्हणजे उत्तराची वाट पाहण्यात गेलेले दिवस, आणि शेवटी दुरुस्ती करावी लागतेच.

आणि पालकांसाठीचा मजकूर. हे मला उशिरा सुचलं, पण आता वाटतं की सगळ्या निरोपातलं हेच सर्वांत उपयोगी होतं. आपण ग्राहकाची माफी मागतो तेव्हा त्याची अडचण तिथे संपत नाही. त्याला तेच पुढे आणखी ६०० जणांना सांगायचं असतं, आणि मॅनिफेस्ट, परवानगी हे शब्द त्याच्या तोंडी बसत नाहीत. म्हणून काकांना जसंच्या तसं पुढे पाठवता येईल असं लिहिलं : ‘पत्रकावरचा कोड सध्या उघडणार नाही. अ‍ॅप १८ जूनच्या सुमारास येईल. तोवर सोबतच्या दुव्यावर आपल्या बसचा ठावठिकाणा पाहता येईल. अडचण आल्यास कार्यालयात फोन करावा.’ चार वाक्यं. पहिलं कोडबद्दल, कारण हातात पत्रक असलेला पालक आधी तेच करून पाहणार.

काकांचं उत्तर आलं, ‘ठीक. रविवारचं पान चुकवू नका.’

ते चुकवलं नाही. पण १४ तारखेला, शनिवारी, दुरुस्त केलेलं अ‍ॅप पुन्हा परत आलं. तेच कारण, तीच परवानगी. एका क्षणी मला वाटलं, या वेळी चूक तपासणाऱ्यांची असणार. आम्ही पाठवलेल्या १२ क्रमांकाच्या आवृत्तीत ती परवानगी नाही हे मी स्वतः अहवालात पाहिलं होतं. मग पत्र पुन्हा सावकाश वाचलं. त्यात क्रमांक १२ नव्हता. ७ होता.

मे महिन्यात आम्ही ७ क्रमांकाची आवृत्ती अंतर्गत चाचणीसाठी आमच्याच फोनवर घातली होती. स्टोअरवर आवृत्ती सोडण्याच्या त्या मार्गावर एरवीसारखी तपासणी होतेच असं नाही, म्हणून तेव्हा कुणी काही म्हटलं नाही. पण ती अजून चालू होती, आणि तिच्यात ती परवानगी होती. नियम पूर्ण अ‍ॅपला लागू असतो : अंतर्गत, बंद, खुली चाचणी आणि सर्वांसाठीचं प्रकाशन, कुठल्याही मार्गावर सक्रिय असलेली प्रत्येक आवृत्ती नियमात बसली पाहिजे. उपाय म्हणजे त्या जुन्या मार्गावरही नवी आवृत्ती सोडायची, जुनी `Not included` या यादीत गेली आहे हे पाहायचं, आणि मग पुन्हा तपासणीला द्यायचं. काम दहा मिनिटांचं आणि रांग मात्र पुन्हा पहिल्यापासून. पत्रात आवृत्तीचा क्रमांक का दिलेला असतो ते मला त्या शनिवारी नीट कळलं. आपण तो वाचून सोडून देतो, कारण तो आपलाच असणार असं गृहीत धरतो.

दुसरा निरोप लिहिणं पहिल्यापेक्षा कठीण असेल असं वाटलं होतं. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण पहिल्या निरोपातलं एक वाक्य होतं : ‘पुन्हा काही शंका निघाली तर त्याहून पुढे जाईल, आणि ते मी त्याच दिवशी कळवीन.’ ते लिहिताना माझा हात अडखळला होता. आधीच तारीख चुकलेली, त्यात आणखी चुकू शकते असं कशाला सुचवायचं? पण १८ तारीख मी ठाम शब्द म्हणून दिली असती तर शनिवारी माझा दुसरा शब्द मोडला असता. दुसऱ्या निरोपात मी माफीची वाक्यं पुन्हा लिहिली नाहीत. आमचीच मे महिन्यातली जुनी आवृत्ती चाचणीत चालू राहिली होती, ती आम्ही बंद करायला हवी होती, आज केली. आता २१ तारीख धरा. सोमवारी वापरायचं पान तयार आहे, दुवा सोबत आहे. एवढंच.

या वेळी काकांनी फोन केला. आवाज चढलेला नव्हता, पण थकलेला होता. “ताई, मला तारीख पुढे गेल्याचं एवढं नाही,” ते म्हणाले. “शाळेतल्या बाईंनी विचारलं, अ‍ॅप पालकांवर नजर ठेवत होतं का? मी काय सांगू?”

पहिल्या निरोपात मी ‘अ‍ॅपने तिचा वापर केलेला नाही’ लिहिलं होतं. ते खरं होतं, पण कसं खरं, ते मी दाखवलं नव्हतं. फोनवर सांगितलं : ही परवानगी वापरणाऱ्याने स्वतः दिल्याशिवाय मिळत नाही, आणि आपल्या अ‍ॅपने ती कुणाकडे मागितलीच नाही. चाचणीतल्या कुठल्याही पालकाच्या फोनवर सेटिंग्जमध्ये जाऊन अ‍ॅपच्या स्थान-परवानगीत पाहा. ‘नेहमी’ असं निवडलेलं दिसणार नाही. काकांनी त्यांच्या सुनेच्या फोनवर पाहिलं, मी फोनवर थांबले. ‘फक्त अ‍ॅप वापरताना’ असं होतं. त्यांनी त्या पडद्याचा फोटो काढला आणि शाळेतल्या बाईंना पाठवला. तो फोटो मी मंगळवारीच पाठवायला हवा होता.

सोमवारी, १६ तारखेला, पहिली बस सहा वाजून चाळीस मिनिटांनी निघाली. ब्राउझरमधलं पान चाललं. सूचना येत नसल्यामुळे काही पालक पान उघडून धरून थांब्यावर उभे होते, आणि सकाळी पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान सर्व्हरवरच्या नोंदी बघताना मला ते कळत होतं : तेच पालक दर दहा-पंधरा सेकंदांनी पान ताजं करत होते. चार जणांचे मोबाइल क्रमांक कार्यालयात चुकीचे नोंदलेले निघाले. त्यांना काही दिसलं नाही, आणि त्यांनी काकांना फोन केला.

गुरुवारी, १९ तारखेला दुपारी मंजुरी आली. काकांचा निरोप माझ्याआधी आला होता. या वेळीही फोटोच होता : पत्रक, त्यावरचा कोड, आणि शेजारी धरलेल्या फोनवर उघडलेलं स्टोअरचं पान. खाली लिहिलं होतं, ‘उघडलं. नकाशावर बसचा नंबर बारीक दिसतो, आजी-आजोबांना वाचता येत नाही. पुढच्या वेळी मोठा करा.’

१३ क्रमांकाच्या आवृत्तीत तो मोठा केला. पाठवण्याआधी मिसळलेलं मॅनिफेस्ट वरपासून खालपर्यंत वाचलं, चारही मार्ग उघडून पाहिले, आणि या वेळी काकांना तारीख सांगितली ती मंजुरी हातात आल्यावर.